नवख्या अभियंत्यासाठी आयएस १३९२० चा सारांश: एका इमारतीचे प्रकरण

पुण्यातील एका तळमजला अधिक सात मजली निवासी इमारतीच्या जागेवर गेल्या वर्षी एक तरुण अभियंता रुजू झाल्या. त्यांचा आधीचा तीन वर्षांचा अनुभव नागपूरचा होता. काँक्रीटच्या साध्या नियमांचे, म्हणजे आयएस ४५६ चे, त्यांचे ज्ञान पक्के होते आणि तपासणीत त्या काटेकोर होत्या. मात्र भूकंपरोधक तपशिलांचे मानक, म्हणजे आयएस १३९२०, त्यांनी कधी वापरले नव्हते, आणि यात त्यांचा काही दोष नव्हता. नागपूर भूकंपक्षेत्र २ मध्ये येते आणि तेथे हे मानक ऐच्छिक आहे. पुणे क्षेत्र ३ मध्ये येते, आणि २०१६ च्या आवृत्तीनुसार क्षेत्र ३ पासून पुढे भूकंपाचे बल पेलणाऱ्या प्रत्येक काँक्रीट सांगाड्याला ते बंधनकारक आहे. आराखडा आमच्या कार्यालयाचा असल्यामुळे त्यांना या मानकाची ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे आले. ते काम मी आधी चुकीच्या पद्धतीने केले आणि नंतर सुधारले. दोन्ही वेळा काय घडले, ते येथे सविस्तर नोंदवत आहे.

पहिला सारांश

पहिला सारांश सात पानांचा होता. मानकाच्या क्रमानेच मी तो लिहिला: आधी साहित्य, मग बीम, मग कॉलम, मग सांधे. प्रत्येक कलमाचे एक वाक्य केले आणि त्यापुढे आकडा ठेवला. बीमची रुंदी २०० मिलिमीटरपेक्षा कमी नको, सळयांभोवतीच्या रिंगचा हुक १३५ अंशांचा हवा, कॉलमचा लॅप, म्हणजे दोन सळया एकमेकींशेजारी ठेवून केलेली जोडणी, मधल्या अर्ध्या उंचीत हवा, अशी पन्नासच्या आसपास वाक्ये झाली. त्यांतील एकही वाक्य चुकीचे नव्हते.

तीन दिवसांनी पहिल्या मजल्याच्या कॉलमची आणि बीमची सळई पाहायला मी जागेवर गेलो. रिंगांचे हुक बरोबर होते, कव्हर बरोबर होते आणि कॉलममधील रिंगांचे अंतर आराखड्याप्रमाणे होते. तरीही तीन गोष्टी चुकल्या होत्या. कॉलमच्या सर्व सळयांचे लॅप स्लॅबच्या पृष्ठभागापासूनच सुरू केले होते. बीम आणि कॉलम जेथे एकमेकांना छेदतात, त्या सांध्यात एकही रिंग नव्हती. शिवाय २० मिलिमीटरचा माल संपला होता म्हणून एका बीमच्या वरच्या बाजूला २० च्या तीन सळयांऐवजी २५ च्या तीन सळया टाकल्या होत्या.

मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी दिलेली उत्तरे सरळ होती. लॅपचे वाक्य त्यांनी वाचले होते, पण स्लॅबच्या वर लॅप घेणे ही सर्वत्र चालणारी पद्धत असल्यामुळे ते वाक्य त्यांना शक्य असेल तर पाळायची शिफारस वाटले. सांध्यातील रिंगांबद्दल मुकादम म्हणाला होता, "मॅडम, तिथं बीमचं एवढं स्टील आहे, रिंग बसतच नाही." चारही बाजूंनी काँक्रीटने वेढलेल्या त्या जागेला आणखी कशाची गरज असेल, असे त्यांनाही वाटले नाही. तिसऱ्या बाबतीत तर त्या निःशंक होत्या. "सर, २० च्या जागी २५ म्हणजे जास्तच स्टील झालं. कमी केलं असतं तर मी थांबवलं असतं."

या उत्तरात माझ्या सारांशाची उणीव दिसते. आयएस ४५६ वर वाढलेल्या अभियंत्याच्या मनात एक समज घट्ट बसलेली असते, ती अशी की नियम किमान मर्यादा सांगतात आणि त्याहून जास्त दिले तर सुरक्षितता वाढते. रोजच्या भारासाठी ही समज बहुतेक वेळा खरी ठरते. आयएस १३९२० च्या मुळाशी नेमकी याच्या उलट कल्पना आहे, आणि माझ्या पन्नास वाक्यांपैकी एकानेही ती सांगितली नव्हती.

मूळ गृहीतक

दुसऱ्या सारांशाची सुरुवात मी या गृहीतकापासून केली. भूकंपाचे बल काढताना आयएस १८९३ मध्ये एक भाजक वापरला जातो. विशेष तपशील दिलेल्या काँक्रीट चौकटीसाठी त्याची किंमत ५ आहे. म्हणजे, सांगाडा जराही न वाकता उभा राहिला असता तर त्याच्यावर जेवढे बल आले असते, त्याच्या एक पंचमांश बलासाठीच आपण तो आखतो. उरलेले बल कुठे जाते, हा प्रश्न नव्या अभियंत्याने विचारला पाहिजे, आणि मानकातील बहुतेक कलमे त्याच प्रश्नाचे उत्तर आहेत. मोठ्या भूकंपात ही इमारत ठरवलेल्या जागी वाकणार आहे, तेथील सळया ताणल्या जाऊन नरम पडणार आहेत आणि त्या वाकण्यात भूकंपाची ऊर्जा खर्च होणार आहे. तुटण्याआधी असे बरेच वाकून घेण्याच्या क्षमतेला तन्यता म्हणतात. बलाला पाचाने भागण्याची सवलत आपण या तन्यतेच्या भरवशावर आधीच उचललेली असते. तपशील चुकला तर ती सवलत फिटत नाही, आणि इमारतीच्या वाट्याला मूळ बलाचा केवळ पाचवा हिस्सा पेलण्याची ताकद उरते.

वाकण्याची जागा म्हणून बीमची टोके निवडलेली आहेत. बीमचे टोक वाकले तर एका मजल्याचा एक भाग खराब होतो, पण कॉलम वाकला तर वरचे सगळे मजले खाली येतात. त्यामुळे एक क्रम ठरतो: सर्वात आधी बीमच्या टोकाने वाकावे, ते वाकत असताना बीमने कर्तनात, म्हणजे शिअरमध्ये, तुटू नये, कॉलम त्याच्यापेक्षा बळकट राहावा आणि दोघांना जोडणारा सांधा शाबूत राहावा. हा क्रम एकदा मनात बसला की पुढचे आकडे पाठ करावे लागत नाहीत, कारण प्रत्येक आकडा या साखळीतील एखाद्या कडीचे रक्षण करत असतो.

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांच्या पाहणीत हा क्रम उलटा झालेला दिसला: बळकट बीमखाली बारीक कॉलम, त्यात दूरदूर टाकलेल्या आणि ९० अंशांच्या हुकाने बंद केलेल्या रिंगा, आणि सांध्यांत रिंगाच नाहीत. आयएस १३९२० ची पहिली आवृत्ती १९९३ ची, म्हणजे तोवर आठ वर्षे जुनी होती. मानक छापलेले असणे आणि ते जागेवर उतरणे यांत केवढे अंतर असू शकते, हे मी त्या वेळी पाहिले, आणि नव्या माणसासाठी सारांश लिहिताना ते अजूनही माझ्या डोक्यात असते.

२५ च्या सळईचे प्रकरण

या क्रमाच्या उजेडात मी त्यांच्यासोबत सर्वात आधी २५ च्या सळईचा हिशेब मांडला, कारण गैरसमजाचे मूळ तेथेच होते.

२० मिलिमीटरच्या तीन सळयांचे क्षेत्रफळ ९४२ चौरस मिलिमीटर होते आणि २५ च्या तीन सळयांचे १४७३, म्हणजे ते छप्पन्न टक्क्यांनी वाढले. बीमच्या टोकाची वाकण्याविरुद्धची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात वाढली. याचे तीन परिणाम होतात. पहिला परिणाम कॉलमवर होतो. एका सांध्यात मिळणाऱ्या कॉलमांच्या ताकदीची बेरीज तेथील बीमांच्या ताकदीच्या बेरजेच्या किमान १.४ पट असावी, असे मानक सांगते. त्या सांध्यात आमचे गुणोत्तर १.६ च्या आसपास होते. बीम बळकट झाल्यावर ते १.४ च्या खाली घसरले, आणि आधी कोण वाकणार याची खात्री गेली. दुसरा परिणाम बीमच्या रिंगांवर होतो. या मानकात बीमचे शिअर विश्लेषणातून आलेल्या बलावरून ठरत नाही. टोकाला प्रत्यक्षात जेवढी सळई टाकली आहे तेवढी पूर्ण ताणली गेल्यावर जे शिअर उद्भवेल, त्याच्या १.४ पटीत रोजच्या भाराचे शिअर मिळवून रिंगा ठरतात, आणि त्या हिशेबात काँक्रीटचा वाटा धरलाच जात नाही. त्यामुळे वरची सळई वाढवून रिंगा तशाच ठेवल्या, तर आपण बीमला वाकण्याऐवजी अचानक तुटण्याकडे ढकलत असतो. तिसरा परिणाम सांध्यावर होतो. कॉलमची लहान बाजू त्यातून जाणाऱ्या बीमच्या सर्वात जाड सळईच्या किमान २० पट हवी, नाहीतर भूकंपाच्या उलटसुलट ओढीत ती सळई सांध्यातून सरकू लागते. आमचा कॉलम ४०० बाय ६०० मिलिमीटरचा होता. २० च्या सळईला लागणारे ४०० तो नेमके पुरवत होता, पण २५ च्या सळईला ५०० लागतात.

सळयांच्या दर्जाबाबतही हेच तत्त्व लागू होते, आणि जागेवरच्या अभियंत्याला ते प्रमाणपत्र वाचताना उपयोगी पडते. एफई ५०० दर्जाची सळई ५०० मेगापास्कलला नरम पडायला हवी, पण चाचणीत ती ६०० च्या पुढे गेल्यावर नरम पडली, तर मानक ती नाकारते, कारण वीस टक्क्यांहून जास्त वाढ चालत नाही. तुटण्याच्या वेळचा ताण नरम पडण्याच्या ताणाच्या किमान १.१५ पट हवा आणि सळई तुटेपर्यंत साडेचौदा टक्क्यांहून अधिक लांबायला हवी. साध्या एफई ५०० साठी सळईचे स्वतःचे मानक बारा टक्केच मागते आणि ५०० डी साठी सोळा. मागणीपत्रात ते 'डी' अक्षर लिहिणे म्हणूनच गरजेचे आहे.

हे ऐकल्यावर त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, "म्हणजे ज्या जागी कमी हवं असं ठरवलंय, तिथं जास्त दिलं की चूक?" दुसऱ्या सारांशाचे पहिले वाक्य मी यावरूनच लिहिले: बीमच्या टोकाला आराखड्यापेक्षा जास्त सळई घालणे हा कमी घालण्याइतकाच दोष आहे आणि तो कार्यालयाला न विचारता करता येत नाही.

कॉलम, लॅप आणि रिंगा

दुसरा सारांश मी मोघम न ठेवता याच इमारतीच्या एका कॉलमवर आणि एका बीमवर लिहिला. नव्या अभियंत्याला "लहान बाजूच्या एक चतुर्थांश" असे सांगण्याऐवजी त्याच्या समोरच्या कॉलमचा आकडा काढून दाखवला की नियम आणि वस्तू मनात एकत्र राहतात. पुढच्या कॉलमसाठी तो हिशेब त्याला स्वतः करता येतो.

कॉलम ४०० बाय ६००, काँक्रीट एम ३०. चार कोपऱ्यांत २० च्या सळया आणि बाजूंवर १६ च्या सहा. मजल्याची उंची ३००० आणि बीमची खोली ५००, म्हणून कॉलमची मोकळी उंची २५०० मिलिमीटर. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला काँक्रीट आवळून धरणाऱ्या जवळजवळच्या रिंगा हव्यात. ती लांबी तीन आकड्यांतील सर्वात मोठा घेऊन ठरते: कॉलमची मोठी बाजू ६००, मोकळ्या उंचीचा सहावा भाग म्हणजे सुमारे ४१७, आणि ४५०. येथे ती ६०० आली. रिंगांमधील अंतर मात्र तीन आकड्यांतील सर्वात लहान घ्यायचे असते: लहान बाजूचा चौथा भाग म्हणजे १००, सर्वात बारीक उभ्या सळईच्या सहापट आणि १००. 'सर्वात बारीक' या शब्दावर चूक होते. कोपऱ्यातील २० ची सळई डोळ्यात भरते आणि सहापट म्हणजे १२० असा हिशेब होतो, पण १६ च्या सळईने ते ९६ वर येते, म्हणून आराखड्यात अंतर ९० दिले होते. बारीक सळई दोन रिंगांच्या मधल्या जागेत लवकर बाहेर फुगते, आणि हा आकडा ते फुगणे रोखण्यासाठी आहे.

लॅपसाठी कॉलमची मधली अर्धी उंची म्हणजे खालून ६२५ ते १८७५ हा पट्टा मिळतो. कॉलम वाकण्याची वेळ आलीच तर तो टोकांशी वाकतो, त्यामुळे दोन सळयांची जोडणी त्या टोकांपासून दूर नेलेली आहे. स्लॅबवर लॅप ठेवला की सर्वाधिक ओढ असलेल्या जागी सर्वात कच्चा दुवा येतो. २० च्या सळईला एम ३० काँक्रीटमध्ये ताणातील लॅप सुमारे ९०६ मिलिमीटर लागतो, आणि एका छेदात निम्म्याहून अधिक सळया जोडता येत नाहीत. १२५० च्या पट्ट्यात असे दोन लॅप एकावर एक मावत नाहीत, म्हणून व्यवहारात निम्म्या सळया एका मजल्यावर आणि उरलेल्या पुढच्या मजल्यावर जोडाव्या लागतात. म्हणजे प्रत्येक सळई दोन मजले आणि एक लॅप मिळून सुमारे ६.९ मीटर लांब कापावी लागते आणि उभी केल्यावर तिला आधार द्यावा लागतो. मुकादमाला हे त्रासाचे वाटते आणि ते खरेही आहे. म्हणून कापणीची यादी करण्यापूर्वीच हे ठरवावे लागते, कारण सळया एकदा कापल्या की नियम पाळण्याची वाट बंद होते.

लॅपच्या लांबीतही रिंगा १०० पेक्षा दूर चालत नाहीत. खालचे ६००, मधला लॅप आणि वरचे ६०० असे मोजत गेले की या कॉलममध्ये रिंगांचे अंतर वाढवता येईल असा भाग जवळपास उरतच नाही. आम्ही पूर्ण उंचीत ९० च ठेवले, आणि फिटरांनाही एकच अंतर लक्षात ठेवणे सोपे गेले.

रिंगची जाडी कशी ठरते, हेही एकदा दाखवावे लागले, कारण क्रॉस टाय, म्हणजे कॉलमच्या समोरासमोरच्या सळयांना बांधणारी आडवी सळई, गाळण्याची सवय सार्वत्रिक आहे. आयताकृती कॉलमसाठी मानकातील एक सूत्र असे आहे:

```
Ash = 0.18 × s × h × (fck / fy) × (Ag / Ak − 1)
```

`Ash` म्हणजे रिंगेच्या सळईचे लागणारे क्षेत्रफळ, `s` म्हणजे रिंगांचे अंतर, `fck` काँक्रीटची ताकद, येथे ३०, `fy` रिंगेची सळई ज्या ताणाला नरम पडते तो, येथे ५००, `h` म्हणजे रिंगेच्या दोन आधारांमधील लांबी, `Ag` कॉलमचे पूर्ण क्षेत्रफळ आणि `Ak` रिंगेच्या आतील गाभ्याचे. आमच्या कॉलममध्ये ४० चे कव्हर वजा करून गाभा ३२० बाय ५२० राहतो. लांब बाजूवर दोन क्रॉस टाय असतील तर `h` सुमारे १७५ होते आणि लागणारे क्षेत्रफळ सुमारे ७५ चौरस मिलिमीटर निघते. १० मिलिमीटरची रिंग ७८ देते, म्हणजे ती जेमतेम पुरते. दोनऐवजी मध्यभागी एकच क्रॉस टाय ठेवला तर `h` २६० होते, मागणी ११२ वर जाते आणि तीच रिंग अपुरी पडते. एकही क्रॉस टाय नसेल तर ५२० ही लांबी ३०० ची मर्यादाच ओलांडते. सूत्राचा दुसरा एक पर्यायही तपासावा लागतो, पण येथे तो लहान आकडा देत होता. थोडक्यात, क्रॉस टाय हा रिंगेच्या हिशेबाचाच भाग आहे, आणि त्याच्याही दोन्ही टोकांना रिंगेसारखाच हुक हवा.

हुकाचे कारण वेगळे सांगावे लागले नाही. भूकंपात कॉलमचे बाहेरचे कव्हर आधी सुटून पडते. ९० अंशांच्या हुकाचे टोक त्या कव्हरमध्येच असते, त्यामुळे कव्हर गेले की रिंग उघडते. १३५ अंशांचे टोक गाभ्यात रुतलेले असते. त्याची लांबी सळईच्या सहापट आणि किमान ६५ मिलिमीटर हवी, म्हणजे ८ आणि १० या दोन्ही जाडीच्या रिंगांना ६५ हाच आकडा लागतो.

सांधा

सांध्यातील रिंगांबाबत मुकादमाचे म्हणणे अर्धे खरे होते. बीमचा पिंजरा वर बांधून खाली उतरवला, तर त्यानंतर सांध्यात रिंग खरोखरच बसत नाही. उपाय कामाच्या क्रमात आहे. सांध्याच्या रिंगा आधी कॉलमच्या सळयांवर ओवून खाली एकावर एक ठेवायच्या, बीमच्या सळया त्यांतून सारायच्या आणि मग रिंगा वर सरकवून ठरलेल्या अंतरावर बांधायच्या. ५०० खोलीच्या सांध्यात ९० अंतराने पाच रिंगा आल्या. चारही बाजूंनी बीम असतील आणि प्रत्येक बीम कॉलमच्या रुंदीच्या किमान तीन चतुर्थांश रुंद असेल, तर निम्मे आवळण आणि १५० पर्यंत अंतर चालते. पण आमचे बीम २३० रुंद होते आणि ४०० चे तीन चतुर्थांश ३०० होतात, म्हणून ही सवलत इमारतीत कुठेच लागू नव्हती. सारांशात मी सवलतीचा उल्लेखच केला नाही. जी सवलत या जागेवर वापरता येत नाही, ती लिहिली की वादात ती पुढे केली जाते.

जुन्या टिपणाचा धोका

दुसरा सारांश त्यांच्या हाती दिल्यावर त्यांनी एक विसंगती दाखवली, आणि तिचे श्रेय पूर्णपणे त्यांचे आहे. ठेकेदाराच्या कार्यालयात भिंतीवर एक जुने टिपण लावलेले होते. बीमच्या टोकाच्या रिंगांचे अंतर खोलीचा चौथा भाग आणि बारीक सळईच्या आठपट यांपैकी लहान घ्यावे, "मात्र ते १०० पेक्षा कमी असण्याची गरज नाही", असे त्यावर लिहिले होते. माझ्या सारांशात १०० ही वरची मर्यादा होती.

दोन्ही वाक्ये आपापल्या काळी बरोबर होती. १९९३ च्या आवृत्तीत १०० हा खालचा आधार होता, त्याहून जवळ रिंगा टाकण्याची सक्ती नव्हती. २०१६ च्या आवृत्तीत १०० ही तिसरी कमाल मर्यादा झाली. आकडा तोच राहिला, पण त्याची बाजू बदलली. ६५० परिणामकारक खोलीच्या आणि १६ च्या सळयांच्या बीममध्ये जुना नियम १२८ पर्यंत जाऊ देतो, नवा १०० वर थांबवतो. ३५० खोलीच्या बीममध्ये चौथा भाग ८७ येतो, तेथे जुना नियम १०० चालवून घेतो, नवा घेत नाही. आमच्या बीमची परिणामकारक खोली ४५० होती, म्हणून टोकापासून ९०० पर्यंत अंतर १०० आणि पहिली रिंग कॉलमच्या पृष्ठभागापासून ५० च्या आत, एवढेच आम्हाला हवे होते. कॉलमच्या किमान आकाराचेही तसेच आहे. जुन्या आवृत्तीत काही अटींखाली २०० चा कॉलम चालत असे, आता ३०० पेक्षा लहान कॉलम चालत नाही. भिंतीवरचे टिपण त्यांनी स्वतः उतरवले, आणि माझ्या सारांशाच्या डोक्यावर मी आवृत्तीचे वर्ष मोठ्या अक्षरांत लिहिले. आधी ते लिहायचे राहून गेले होते.

गाळलेल्या गोष्टी, आणि एक राहून गेलेली

दुसरा सारांश दोन पानांचा झाला. कॉलमवरील अक्षीय भाराची मर्यादा, सळईचे किमान आणि कमाल प्रमाण, बीमच्या रुंदी-खोलीचे गुणोत्तर, भिंतींचे तपशील ही सर्व कलमे मी गाळली. ती कमी महत्त्वाची नाहीत, पण त्यांचा निकाल आराखडा काढतानाच लागतो आणि जागेवरचा अभियंता ती बिघडवू किंवा सुधारू शकत नाही. त्याच्या हातात सळईची जाडी, लॅपची जागा, रिंगांचे अंतर, हुक, क्रॉस टाय आणि सांधा एवढ्याच गोष्टी असतात. एखादी व्यक्ती आराखडा काढण्यासाठी हे मानक शिकत असेल, तर याच गृहीतकावरून वेगळा सारांश लिहावा लागेल.

पहिल्या मजल्याचे काम दुरुस्त करून घेतले. २५ च्या सळया काढल्या, सांध्यांत रिंगा ओवल्या, आणि स्लॅबवर लॅप असलेल्या कॉलमांच्या बाबतीत सळया पुरेशा लांब नसल्यामुळे त्या मजल्यापुरता वेगळा तपशील आमच्या कार्यालयाने काढून दिला. दुसऱ्या मजल्याच्या तपासणीत मला या तीनांपैकी एकही चूक आढळली नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. जिन्याच्या मधल्या थांब्याचा बीम दोन कॉलमांना त्यांच्या अर्ध्या उंचीवर येऊन मिळत होता. सारांशात टोकापासून ६०० पर्यंत आवळण असे लिहिले होते, तर या कॉलमचे टोक नेमके कोणते धरायचे, असा त्यांचा प्रश्न होता. अशा कॉलमची मोकळी उंची निम्मी होते, तो शेजारच्या कॉलमांपेक्षा कितीतरी ताठ बनतो, भूकंपाचे बल स्वतःकडे ओढून घेतो आणि शिअरमध्ये तुटतो. अर्धवट उंचीच्या भिंतीत अडकलेल्या किंवा उतारावर आखूड राहिलेल्या कॉलमांचेही हेच होते, आणि मानक अशा कॉलमांना पूर्ण उंचीभर आवळण मागते. आमच्या आराखड्यात त्या दोन कॉलमांना पूर्ण उंचीत ९० च दिलेले होते, म्हणून काही बिघडले नाही. पण सारांशात ते कारण नव्हते. आधी न वाकावा असा कॉलम, या कडीखालीच ते यायला हवे होते. त्यांनी ते वाक्य दुसऱ्या पानाच्या समासात स्वतःच्या अक्षरांत लिहिले आहे आणि खाली जिन्याजवळच्या त्या दोन कॉलमांचे क्रमांक दिले आहेत.